बसून चरबी कमी करायची तर काय निवडावं: हातांचा कार्डिओ, पेडल की बँड?

गुडघ्यांची झीज, जुनं फ्रॅक्चर, पक्षाघातानंतरची अशक्तता, पाय सुजणं, कारण काहीही असो, फार वेळ उभं राहता येत नसेल तर बहुतेकांसमोर तीन पर्याय येतात. खुर्चीत बसून हातांचा जलद व्यायाम, म्हणजे हवेत ठोसे मारणं वगैरे. खुर्चीसमोर ठेवायचं छोटं पेडल यंत्र. आणि रबरी रेझिस्टन्स बँड. तिन्ही एकाच कामाची आहेत असं समजून लोक निवड करतात. तसं नाही. म्हणून आधी कॅलरींचा हिशेब मांडू, मग निवडणं सोपं जाईल.

स्वस्थ बसलेलं शरीर दर किलो वजनामागे तासाला साधारण 1 किलोकॅलरी खर्च करतं. बसून मध्यम जोराने केलेल्या व्यायामात हा खर्च साधारण तिप्पट होतो. समजा, एका बाईंचं वजन 80 किलो आहे, दोन्ही गुडघ्यांत झीज आहे आणि दहा मिनिटांच्या वर उभं राहवत नाही. त्यांनी अर्धा तास व्यायाम केला तर 120 किलोकॅलरी खर्च होतील. पण त्यातल्या 40 नुसतं बसूनही गेल्याच असत्या. व्यायामाची खरी कमाई 80. आठवड्यातून पाच दिवस केलं तर 400. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7700 किलोकॅलरी, तेव्हा फक्त या व्यायामावर एक किलो उतरायला 19 आठवडे लागतील. त्याच बाईंनी रोजच्या खाण्यातून 400 किलोकॅलरी कमी केल्या तर तेच काम तीन आठवड्यांच्या आत होतं.

हे वाचून व्यायाम सोडू नका, पण त्याच्याकडून काय मागायचं ते ठरवा. चरबी कमी होते ती मुख्यतः खाण्यातून. खाणं कमी केलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ज्याचे पाय आधीच कमकुवत आहेत त्याला हे परवडणारं नाही, कारण खुर्चीतून उठणं, स्वच्छतागृहापर्यंत जाणं हे सगळं त्याच स्नायूंवर चालतं. म्हणून तीनपैकी एकच घ्यायचं असेल तर मी बँड घ्यायला सांगेन. घाम सगळ्यात कमी बँडनेच येतो, त्यामुळे बहुतेकजण नेमका तोच बाजूला ठेवतात.

हातांच्या कार्डिओचं आकर्षण समजण्यासारखं आहे. काही विकत घ्यावं लागत नाही आणि दोन मिनिटांत छाती धपापते. पण हातांचे स्नायू पायांच्या मानाने लहान असतात. तेवढंच काम हातांनी केलं की नाडी आणि रक्तदाब पायांपेक्षा जास्त चढतात, आणि हात लवकर भरून येतात. म्हणजे दम लागतो त्या प्रमाणात कॅलरी जळत नाहीत. मनगटावरचं घड्याळ नाडीवरून हिशेब करतं, त्यामुळे ते इथे बहुधा फुगवलेला आकडा दाखवतं. तो आकडा बघून जेवणात सूट घेतली तर वजन हलणार नाही, आणि मग दोष व्यायामाला जातो. दुसरी अडचण खांद्यांची. डोक्यावर हात नेऊन वीस मिनिटं हालचाली केल्या की आठवड्याभरात खांदा ठणकायला लागू शकतो. जे व्हीलचेअर हाताने ढकलतात त्यांचे खांदे तर दिवसभर कामावरच असतात. ठोसे छातीच्या उंचीवर ठेवा, एक मिनिट जलद आणि एक मिनिट सावकाश अशा फेऱ्या करा. बोलता येतं पण गाता येत नाही, एवढाच जोर हवा.

पाय थोडेतरी चालत असतील तर कॅलरींच्या बाबतीत पेडल पुढे जातं. मोठे स्नायू कामाला लागतात आणि बराच वेळ करता येतं. अट एवढीच की गुडघा वाकला पाहिजे. पूर्ण फेरा मारायला तो काटकोनापेक्षा बराच जास्त वाकावा लागतो. कमी वाकत असेल तर खुर्ची मागे सरकवून बघा, पेडलचा दांडा लहान करता येत असेल तर तो लहान करा, तरीही टोचत असेल तर नाद सोडा. विकत घेताना मोटारचं यंत्र आहे का ते विचारा. मोटार पाय फिरवते तेव्हा सांधे मोकळे होतात, पण काम मोटार करत असते, चरबीच्या हिशेबात त्याचं मोल जवळजवळ शून्य. साध्या यंत्राचा दोष वेगळा: हलकं असल्याने ते पुढे पळतं. खाली रबरी चटई आणि पुढे भिंत असली की थांबतं. खुर्चीला चाकं नकोत.

आता बँड. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, पाठ टेकवू नका. बँड दोन्ही तळपायांखालून घ्या, टोकं हातात धरा आणि कोपरं मागे खेचा, खांद्यांची हाडं पाठीमागे एकमेकांजवळ येईपर्यंत. परत सोडताना तीनपर्यंत मोजा. हा सावकाश सोडण्याचा भाग बहुतेकजण गाळतात, तिथेच निम्मं काम असतं. असे 8 ते 12 वेळा. शेवटचे दोन-तीन जड गेले नाहीत तर बँड सैल आहे, आखूड धरा. त्याच पद्धतीने छातीपासून पुढे ढकलणं, घोट्याला बँड अडकवून गुडघा सरळ करणं, मांड्यांभोवती बँड बांधून गुडघे बाहेर उघडणं. प्रत्येकाच्या दोन फेऱ्या पुरेत. ताण देताना श्वास रोखू नका, रक्तदाब एकदम चढतो. बँडला बारीक चिरा दिसल्या की तो फेकून द्या, तुटलेला बँड थेट तोंडावर येतो.

वरच्या बाईंसाठी मी आठवडा असा लावेन: तीन दिवस बँड, मध्ये एकेक दिवस सोडून. उरलेल्यांपैकी दोन-तीन दिवस पेडल, आधी दहा मिनिटं, मग हळूहळू तीस. हातांचा कार्डिओ गुडघे सुजलेल्या दिवसासाठी राखून ठेवायचा. पाय अजिबात हलत नसतील तर पेडलच्या जागी ठोसे येतील आणि बँडमध्ये ढकलण्यापेक्षा खेचण्याचे व्यायाम जास्त, म्हणजे खांदे पुढे ओढले जात नाहीत. मणक्याच्या वरच्या भागाला इजा झालेल्यांनी किंवा हृदयाच्या औषधांवर असणाऱ्यांनी नाडीच्या आकड्यावर जाऊ नये, कष्ट किती वाटतात यावर जावं आणि सुरुवात डॉक्टरांना विचारून करावी.

व्यायामानंतर दोन तासांनीही सांधा आधीपेक्षा जास्त दुखत असेल तर पुढच्या वेळी जोर किंवा वेळ कमी करा. छातीत दडपण, चक्कर किंवा एकाच पोटरीला नवी सूज आणि दुखणं असेल तर व्यायाम तिथेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मोजमाप म्हणून वजनाबरोबर कमरेचा घेर महिन्यातून दोनदा टिपून ठेवा, आणि आधाराशिवाय खुर्चीतून किती वेळा उठता येतं तेही, जमत असेल तर. घेर उतरतोय आणि उठणं घटत नाहीये, तर सुरू आहे ते तसंच ठेवा. वजन उतरतंय पण उठणं जड जातंय, तर खाण्यातली कपात थोडी सैल करा आणि एका आठवड्याआड पेडलचा एक दिवस बँडला द्या, दोन सलग दिवस बँड येणार नाही अशा बेताने.