व्हेरियन्स की स्टँडर्ड डेव्हिएशन? म्हापसा ते मडगावच्या हिशेबाने

सूत्रं पाठ आहेत, कॅल्क्युलेटरही चालवता येतो, पण दोन्हींपैकी नेमकं कोणतं वापरायचं आणि उत्तर आलं की त्याचा अर्थ काय लावायचा, इथे घोडं अडतं. अशा विद्यार्थ्यासाठी हा आढावा आहे. दोन्ही एकाच माहितीतून निघतात आणि एकाचं वर्गमूळ म्हणजे दुसरं, तेव्हा 'अचूक कोणतं' हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो कुठे कोणतं हाताशी धरायचं याचा.

म्हापशाहून पणजीला बसने जायला लागणारा वेळ घेऊ. आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून बेतलेले आहेत. सोमवार ते शनिवार, मिनिटांत: २४, ३६, ३२, ३२, २६, ३०. बेरीज १८०, सरासरी ३०.

आता प्रत्येक दिवस सरासरीपासून किती दूर आहे ते लिहा: उणे ६, ६, २, २, उणे ४, ०. यांची बेरीज शून्य आली पाहिजे. आली नाही तर सरासरी चुकली आहे, पुढे जाऊच नका. हे फरक शून्यात विरून जातात म्हणूनच त्यांचा वर्ग करायचा: ३६, ३६, ४, ४, १६, ०. बेरीज ९६. सहाने भागलं की १६, हा व्हेरियन्स. त्याचं वर्गमूळ ४, हे स्टँडर्ड डेव्हिएशन. सगळं गणित एवढंच. बाकी राहतो तो अर्थ.

व्हेरियन्सबद्दलची माझी मुख्य तक्रार इथेच सुरू होते. १६ म्हणजे काय? सोळा मिनिटं नव्हेत. मिनिटाला मिनिटाने गुणल्यामुळे ती झाली सोळा वर्ग मिनिटं, आणि असं एकक घड्याळात कुठे दिसत नाही. उत्तरपत्रिकांत मात्र 'व्हेरियन्स = १६ मिनिटे' असं हमखास लिहिलेलं असतं. ते वाचून विद्यार्थी स्वतःच घाबरतो: प्रवास तीस मिनिटांचा आणि हेलकावा सोळा मिनिटांचा? यादीत तर बस सरासरीपासून सहा मिनिटांच्या पुढे कधी गेलेलीच नाही. गणित बरोबर असतं, वाचन चुकतं.

एकक बदललं की हा घोळ वाढतो. तीच वेळ तासांत मांडा. स्टँडर्ड डेव्हिएशनला ६० ने भागलं की झालं, ४ मिनिटांचे सुमारे ०.०६७ तास. व्हेरियन्सला मात्र ३६०० ने भागावं लागतं आणि तो येतो सुमारे ०.००४४. मिनिटांत मोजताना व्हेरियन्स स्टँडर्ड डेव्हिएशनच्या चौपट होता, तासांत तो त्याच्या पंधराव्या भागावर आला. बस तीच, रस्ता तोच. म्हणून 'व्हेरियन्स नेहमी मोठा असतो' हा वर्गात फिरणारा समज सोडून द्या. स्टँडर्ड डेव्हिएशन एकापेक्षा लहान असेल तर त्याचा वर्ग त्याहूनही लहान होतो.

स्टँडर्ड डेव्हिएशन सरळ सरासरीशेजारी ठेवून वाचता येतं. ३० मिनिटं, साधारण ४ मिनिटं इकडे-तिकडे. म्हणजे २६ ते ३४, आणि आपल्या सहापैकी चार दिवस या पट्ट्यात बसतात. दोन स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे २२ ते ३८, तिथे सहाही दिवस आले. 'अडुसष्ट टक्के, पंचाण्णव टक्के' हे आकडे घंटेच्या आकाराच्या वक्राचे आहेत, ते कुठल्याही यादीला चिकटवू नका. पण दोन स्टँडर्ड डेव्हिएशनच्या आत किमान तीन-चतुर्थांश आकडे असतातच, यादी कितीही वाकडीतिकडी असली तरी.

वर्गमूळ घ्यायचं राहिलं का, हे पडताळायला एक सोपी खूण आहे. सगळ्या आकड्यांच्या संख्येने भागून काढलेलं स्टँडर्ड डेव्हिएशन, सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा यांच्यातल्या अंतराच्या निम्म्यापेक्षा जास्त असूच शकत नाही. आपल्याकडे ३६ वजा २४ म्हणजे १२, त्याचे निम्मे ६. उत्तराच्या जागी १६ दिसले तर तो व्हेरियन्स आहे, वर्गमूळ राहून गेलं.

इथवर कल कुठे आहे ते लपलेलं नाही. तरी व्हेरियन्स नुसता अडगळीचा असता तर केव्हाच पुस्तकातून गेला असता. त्याची एक गोष्ट स्टँडर्ड डेव्हिएशनला जमत नाही, आणि ती कळण्यासाठी बस पणजीला बदलून मडगावला जावं लागेल.

पणजी ते मडगाव सरासरी ५० मिनिटं आणि स्टँडर्ड डेव्हिएशन ३ मिनिटं धरा. म्हापसा ते मडगाव, पणजीच्या स्टँडवरचा थांबा सोडून, सरासरी झाली ८० मिनिटं. मग एकूण स्टँडर्ड डेव्हिएशन किती? बहुतेकांचा हात आपोआप ४ अधिक ३ बरोबर ७ लिहितो. ते चुकीचं आहे. बरोबर उत्तर ५ आहे, आणि तिथे जायची वाट व्हेरियन्समधून जाते: १६ अधिक ९ बरोबर २५, वर्गमूळ ५.

नुसत्या नियमावर विश्वास ठेवू नका, हाताने करून पाहा. पहिला टप्पा दोनच प्रकारे होतो असं धरा, २६ किंवा ३४ मिनिटं. सरासरी ३०, स्टँडर्ड डेव्हिएशन ४. दुसरा टप्पा ४७ किंवा ५३. सरासरी ५०, स्टँडर्ड डेव्हिएशन ३. पहिल्याचा दुसऱ्याशी काही संबंध नसेल तर चारही जोड्या सारख्याच संभवतात: ७३, ७९, ८१, ८७. ऐंशीपासूनचे फरक उणे ७, उणे १, १, ७. वर्ग ४९, १, १, ४९. बेरीज १००, चाराने भागून २५. स्टँडर्ड डेव्हिएशन ५, सात नव्हे. कारणही याच यादीत दिसतं: निम्म्या जोड्यांत एका टप्प्याचा उशीर दुसऱ्याने भरून काढला आहे.

ही बेरीज मात्र एका अटीवर आहे, टप्पे एकमेकांवर अवलंबून नसावेत. जुलैत मुसळधार पाऊस पडला तर पर्वरीलाही गाड्या रांगतात आणि झुआरीच्या बाजूलाही. दोन्ही टप्पे कायम एकत्रच लांबत किंवा आटपत असतील तर जोड्या दोनच उरतात, ७३ आणि ८७, आणि स्टँडर्ड डेव्हिएशन खरंच ७ येतं. उलट एक लांबला की दुसरा नेमका आटपतो, अशी विचित्र स्थिती असेल तर ७९ आणि ८१ उरतात, उत्तर १. तेव्हा परीक्षेत 'स्वतंत्र' हा शब्द दिसला की व्हेरियन्स बेधडक मिळवा. नसेल तर आधी विचारा, दोन्हींना एकच कारण हलवतंय का?

व्हेरियन्स हे नाव सांख्यिकीत रूढ झालं तेही या बेरजेपायीच. रोनाल्ड फिशर यांनी १९१८ मध्ये आनुवंशिकतेवर लिहिताना ते वापरलं. उंचीसारख्या गुणातल्या फरकामागे अनेक स्वतंत्र कारणं असतात, त्या प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजून मिळवता यावा म्हणून त्यांना वर्गमूळ न घेतलेली राशी सोयीची वाटली. स्टँडर्ड डेव्हिएशन हा शब्द कार्ल पिअर्सन यांनी त्याआधीच, १८९० च्या दशकात, वापरात आणला होता. म्हणजे पुस्तकात पायरी म्हणून आधी येणारा व्हेरियन्स नावाने धाकटा आहे.

एक शंका वर्गात हमखास येते: वर्गाच्या भानगडीत न पडता फरकांची उणे चिन्हंच काढून सरासरी घेतली तर? घेता येते, आणि वाचायला ती सोपीही आहे. आपल्या सहा दिवसांसाठी २० भागिले ६, म्हणजे साधारण ३.३ मिनिटं. पण वरच्या चार जोड्यांवर करून पाहा. टप्प्यांची ४ आणि ३, जोडीची ४. यातून बेरजेचा कुठलाच साधा नियम निघत नाही. वर्ग केले की मात्र १६ आणि ९ गुमान २५ होतात.

मला विचाराल तर हिशेबाच्या वहीत व्हेरियन्स आणि उत्तराच्या ओळीत स्टँडर्ड डेव्हिएशन. दोन गटांची तुलना, निकालाचं वाक्य, आलेखाखालची टीप, या सगळ्या ठिकाणी वाचणाऱ्याला मिनिटं, रुपये किंवा गुण कळतात, त्यांचे वर्ग कळत नाहीत. अर्थात प्रश्नात व्हेरियन्सच विचारला असेल तर तोच लिहा, आणि एकक 'वर्ग मिनिटे'. अनेक गटांचे व्हेरियन्स एकमेकांना भागून तुलना करायची असते तिथेही तो मुकाट्याने चालतो, कारण भागाकारात एकक उडून जातं.

हाताने करताना घात होतो तो लवकर पूर्णांक करण्याने. वर्गांच्या सरासरीतून सरासरीचा वर्ग वजा करण्याची छोटी रीत सगळ्यांना आवडते. आपल्या यादीत ९१६ वजा ९००, बरोबर १६. पण सरासरी २९.६ असताना कोणी ३० लिहिली, तर ८७६.१६ ऐवजी ९०० वजा होतात, म्हणजे जवळजवळ २४ जास्त. खरा व्हेरियन्स १६ असेल तर कागदावर उणे ७.८४ येतो. व्हेरियन्स उणे कधीच नसतो, म्हणून ही चूक निदान पकडता तरी येते. २९.६ च्या जागी ३०.४ असती तर उत्तर तेवढंच फुगलं असतं आणि कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

कॅल्क्युलेटरवर दोन बटणं गोंधळ घालतात. `σx` सगळ्या संख्येने भागतं, `sx` एक कमी करून भागतं. आपले सहा दिवस हाच पूर्ण विषय असेल तर ९६ भागिले ६. ते सहा दिवस वर्षभराच्या प्रवासाचा नमुना असतील तर ९६ भागिले ५, म्हणजे १९.२, आणि स्टँडर्ड डेव्हिएशन सुमारे ४.३८. अकरावीच्या एनसीईआरटी गणिताच्या पुस्तकात पहिली रीत आहे. एक्सेलमध्ये पहिलीसाठी `STDEV.P` आणि `VAR.P`, दुसरीसाठी `STDEV.S` आणि `VAR.S`. कॅल्क्युलेटर बहुधा स्टँडर्ड डेव्हिएशनच देतो. व्हेरियन्स हवा असेल तर पडद्यावरच्या उत्तराचाच वर्ग करा, वहीत उतरवलेल्या ४.३८ चा नको. त्याचा वर्ग १९.१८ येतो, १९.२ नव्हे.