वास बुरशीचा, बिल गॅसचं

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात राजारामपुरीतल्या आमच्या घरचा स्प्लिट एसी लावला, की ओल्या पोत्यासारखा कुबट वास यायचा. गारवाही कमीच. इंटरनेटवर मिळालेल्या नंबरावर फोन केला, तासाभरात एक पोरगा हजर.

आतल्या युनिटचं झाकण त्यानं उघडलंसुद्धा नाही. थेट गच्चीवर जाऊन बाहेरच्या युनिटला गॅसचा दाब मोजायचा गेज लावला. "साहेब, गॅस संपलाय. काटा बघा की, ऐंशीवर आलाय. सव्वाशे पाहिजे. वास त्याचाच." काटा खरंच ऐंशीवर होता, म्हणून मी गप्प बसलो. दहा मिनिटांत गॅस भरला, २६०० रुपये घेतले आणि गेला. वास चौथ्या दिवशीही तसाच.

मग शेजारचे काका आले. तीस वर्षं फ्रिज-एसीचीच कामं केलेला माणूस. त्यांनी मेन स्विच बंद केला, पुढचं झाकण वर करून जाळी ओढली. तिच्यावर राखाडी धुळीचा थर, अगदी घोंगडीसारखा. बोटानं ओरबाडला तर सलग सुटून आला!

काका म्हणाले, "अरे, गॅस काय पेट्रोल आहे होय संपायला? बंद नळीत फिरतो तो. गळती असेल तरच कमी होतो. आणि जाळी तुंबली की कॉइलवरून हवाच जात नाही, मग काटा आपोआप खाली येतो. तो आकडा दाखवून तुला गंडवलं."

जाळी उलट्या बाजूनं नळाखाली धरली, म्हणजे धूळ आत न दबता बाहेर पडते. थोडा साबण, मऊ ब्रश, आणि वाळवली सावलीत. उन्हात प्लास्टिक वाकतं. गारवा सुधारला, वास मात्र निम्माच गेला. काकांनी हवा येते त्या फटीतून टॉर्च मारला. आतल्या गोल ब्लोअरच्या पात्यांवर काळे ठिपके, म्हणजे बुरशी. जाळी धुऊन ती जात नाही. काकांच्या ओळखीच्या मेकॅनिकनं खाली प्लास्टिकची पिशवी बांधून प्रेशरच्या पाण्यानं कॉइल आणि ब्लोअर धुतला, ६०० रुपयांत. बादलीत पडलेलं पाणी चहापेक्षा काळं होतं.

तेव्हा दुसरा घोटाळा कळला. जाळी साफ झाल्यावर काटा सव्वाशेच्या बराच वर गेला. मूळचा गॅस पुरेसा असताना पहिल्यानं वर आणखी भरला होता! अशानं कॉम्प्रेसरवर ताण येतो. मेकॅनिकनं सगळा गॅस काढून, बाहेरच्या युनिटच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमाइतका वजन करून परत भरला. त्याचे आणखी १५०० गेले. पहिल्याच्या हातात वजनकाटा नव्हता आणि गळती कुठं आहे हेही त्यानं शोधलं नव्हतं, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

आता पंधरवड्याला जाळी मीच धुतो, आणि बंद करण्याआधी अर्धा तास नुसता पंखा मोड लावून कॉइल सुकवतो. पहिल्याला फोन केला होता. म्हणाला, "साहेब, गॅसला गॅरंटी नसते."