चौदा महिने सिस्टम इमेज ठेवल्यानंतर: 53 मिनिटांत कॉम्प्युटर परत उभा राहिला, त्याची गोष्ट

मी घरूनच आयकर आणि जीएसटीची कामं करतो. घरात एकच डेस्कटॉप आहे. सकाळी त्यावर मी असतो, संध्याकाळी ही तिच्या शिकवणीच्या प्रश्नपत्रिका करते. दोन वर्षांपूर्वी विंडोज उडालं, तेव्हा दुकानात मशीन दीड दिवस पडून होतं. घरी आल्यावर खरी रड सुरू झाली. प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याचं अ‍ॅक्टिव्हेशन, हे सगळं पुन्हा बसवताना आणखी तीन दिवस गेले. फाइली सगळ्या सुखरूप होत्या. गेलं होतं ते ‘बसलेलं घर’.

फाइलींचा बॅकअप आणि सिस्टम इमेज यांत हाच फरक आहे. इमेज म्हणजे विंडोज, बूट होण्यासाठी लागणारी छोटी पार्टिशन्स, सगळी सॉफ्टवेअर्स आणि सेटिंग्ज यांची एकगठ्ठा प्रत. ती नव्या डिस्कवर ओतली की मशीन जसंच्या तसं उभं राहतं.

विंडोजमध्ये इमेज काढायची जुनी सोय अजून सापडते, पण मायक्रोसॉफ्टने 2017 मध्येच तिला निवृत्तांच्या यादीत टाकलं. शिवाय मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर ती इमेज उतरवता येत नाही. क्लोनझिला हा इमेज काढणारा प्रोग्रॅम उत्तम आहे, पण त्यासाठी दर वेळी मशीन बंद करून पेनड्राइव्हवरून सुरू करावं लागतं, आणि असलं काम मी दुसऱ्याच महिन्यात सोडून दिलं असतं. म्हणून चालू विंडोजमधूनच इमेज काढणाऱ्या वीम एजंटची फुकट आवृत्ती घेतली. उतरवून घेण्यासाठी नाव नोंदवावं लागतं आणि बॅकअपचं एकच काम लावता येतं. घरच्या मशीनला तेवढं पुरतं.

लावताना एकच निर्णय महत्त्वाचा होता. फोटो, व्हिडिओ आणि कामाचा डेटा D ड्राइव्हवर, म्हणजे वेगळ्या हार्ड डिस्कवर आहे. त्याची प्रत मी निराळी ठेवतो. इमेजमध्ये फक्त विंडोजची डिस्क घेतली. तिथे नुसत्या C वर टिचकी मारून थांबू नका, `Operating system` हा पर्याय निवडा. त्यात बूटची पार्टिशन्सही येतात. ती नसतील तर C ची प्रत असूनही मशीन सुरू होणार नाही. माझ्या C वर सुमारे 150 जीबी भरलेले आहेत. दाबून त्याची इमेज 96 जीबीची झाली. पहिल्यांदा पूर्ण प्रत, नंतर दर रविवारी रात्री फक्त बदल. बॅकअप संपला की एक्स्टर्नल डिस्क आपोआप सुटी व्हावी, ही खूणही केली. जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर आलं तर मूळ मशीनबरोबरच जाते.

आता तिसऱ्या महिन्यातली, इमेज नव्या डिस्कवर उतरवून पाहण्याची रंगीत तालीम. सगळ्या अनुभवात हाच भाग सांगण्यासारखा आहे, कारण तोवर माझ्याकडे बॅकअप होता की नुसता बॅकअपचा समज, हे मलाच माहीत नव्हतं.

एका शनिवारी एक नवी 500 जीबीची एम.2 एसएसडी आणली, कॅबिनेट उघडलं, मूळ डिस्क स्क्रू काढून बाजूला ठेवली आणि नवी बसवली. मूळ डिस्क बाहेर काढणं मुद्दाम होतं. चुकून तीच पुसली जाण्याचा धोका उरत नाही, आणि तालीम फसली तर ती परत लावून अर्ध्या तासात कामाला बसता येतं. (तो एम.2 चा स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा असतो. फरशीवर पडला की घर झाडून काढावं लागतं. विचारू नका.)

वीमने बनवून दिलेल्या पेनड्राइव्हवरून रिकव्हरी सुरू झाली, इमेजही सापडली, पण ज्या डिस्कवर ओतायची तीच दिसेना. यादी रिकामी. आधी वाटलं नवी एसएसडीच खराब निघाली. पण बायोसमध्ये ती नावानिशी दिसत होती, म्हणजे डिस्क ठीक होती आणि रिकव्हरीलाच ती ओळखता येत नव्हती. कारण असं की इंटेलच्या अलीकडच्या अनेक मशीनमध्ये एसएसडी सरळ न दिसता व्हीएमडी नावाच्या मधल्या कंट्रोलरमागे असते, आणि त्याचा ड्रायव्हर नसेल तर रिकव्हरी आंधळी. चूक माझीच. रिकव्हरीचा पेनड्राइव्ह मी सोयीसाठी दुसऱ्याच लॅपटॉपवर बनवला होता. मूळ डिस्क परत लावली आणि याच मशीनवर पेनड्राइव्ह नव्याने बनवला. बनवताना ‘या कॉम्प्युटरचे हार्डवेअर ड्रायव्हर घ्या’ अशा अर्थाची खूण असते, ती ठेवली. दुसऱ्या फेरीत डिस्क दिसली. कुणी बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करायला सांगेल. घाईत ते करू नका, कारण चालू व्हीएमडीवर बसलेलं विंडोज त्यानंतर सुरूच न होण्याची शक्यता असते.

दुसरा अडथळा आकड्यांचा. जुनी डिस्क 512 जीबीची, नवी 500 ची. दुकानात दोन्ही ‘पाचशेवाली’च. पण विंडोजला पहिली 476 दिसते आणि दुसरी 465. भरलेला माल फक्त 150 असला तरी पार्टिशनची चौकट 476 ची, म्हणून ती जशीच्या तशी बसत नाही. `Manual restore` मध्ये जाऊन C ची चौकट हाताने लहान केली, तेव्हा काम पुढे सरकलं. हे अवघड नाही, पण पहिल्यांदाच आणि घाबरलेल्या अवस्थेत करायचं म्हटलं तर अर्धा तास सहज जातो. जमलं तर जुन्याहून मोठी डिस्कच घ्यावी.

तिसरी गोष्ट यूएसबीची. एक्स्टर्नल डिस्क मी हाताशी म्हणून कॅबिनेटच्या पुढच्या काळ्या पोर्टला लावली होती. ओतण्याचा वेग सेकंदाला 35 एमबी. 96 जीबीला त्या हिशोबाने पाऊण तास लागतो. थांबवून मागच्या निळ्या, यूएसबी 3 च्या पोर्टला लावली तेव्हा वेग 100 एमबीच्या आसपास गेला, म्हणजे काम 16-17 मिनिटांचं. ‘तासाभरात’ हा शब्द खरा ठरणार की खोटा, ते माझ्याकडे तरी या एका पोर्टने ठरवलं.

त्या दिवशी तालमीला सगळे मिळून साडेचार तास लागले. हिने दोनदा विचारलं, “अहो, चालू मशीन मुद्दाम का बिघडवताय?” तालीम झाल्यावर मूळ डिस्क परत लावली. नवी डिस्क, रिकव्हरीचा पेनड्राइव्ह आणि बारका स्क्रू-ड्रायव्हर एका डब्यात ठेवून तो कपाटात ठेवला. सोबत एका कागदावर चार ओळी: बूट मेन्यूसाठी कुठली कळ (माझ्याकडे F12), कुठला पोर्ट, C किती लहान करायचा, इमेजचा पासवर्ड कुठे लिहिलाय. पासवर्ड कॉम्प्युटरवरच्या फाइलमध्ये ठेवला असता तर तो मशीनबरोबर गेला असता.

खरा प्रसंग मेमध्ये आला, एका गुरुवारी दुपारी 12:10 ला. दोनदा वीज गेली-आली, स्क्रीन गोठली, आणि परत सुरू केल्यावर बूट करायला डिस्क नाही असा संदेश. बायोसमध्ये पाहिलं तर एसएसडीचं नावच नव्हतं. इथे डिस्क दिसली असती तर आधी विंडोजची स्वतःची दुरुस्ती करून पाहिली असती. पूर्ण बंद करून, डिस्क काढून पुन्हा बसवली, तरीही नाही. 12:18 ला तिचा नाद सोडला. डिस्क बदलून कॅबिनेट बंद करेपर्यंत 12:29. पेनड्राइव्ह सुरू होऊन इमेज सापडली 12:34 ला. C लहान करून ओतायला सुरुवात 12:38 ला, संपलं 12:59 ला. तालमीपेक्षा थोडा जास्त वेळ लागला. पूर्ण प्रत आणि नंतरचे बदल फिरत्या डिस्कवर विखुरलेले असल्यामुळे असावा. 1:03 ला माझा नेहमीचा डेस्कटॉप समोर आला. प्रिंटर चालला, टोकनवरून सही झाली, विंडोज अ‍ॅक्टिव्हच राहिलं. फक्त मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरला डिस्क बदलल्याचं कळलं आणि त्याने पुन्हा किल्ली मागितली. एक फोन करावा लागला.

यानंतर एक तपासणी मात्र विसरू नये. माझी मूळ डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या एन्क्रिप्शनने, कुलूपबंद होती. इमेज चालू विंडोजमधून निघते, म्हणजे कुलूप उघडं असताना, त्यामुळे नव्या डिस्कवर माल उघडाच उतरतो. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पाहिलं:

```
manage-bde -status C:
```

`Fully Decrypted` असं आलं. ग्राहकांची कागदपत्रं असलेल्या मशीनवर हे बरं नाही, म्हणून एन्क्रिप्शन पुन्हा चालू केलं आणि नवी रिकव्हरी की कागदावर उतरवली. जुनी की आता निरुपयोगी आहे. एक्स्टर्नल डिस्कवरची इमेजही याच कारणाने पासवर्ड घालूनच ठेवावी.

तक्रार करायची तर माझ्याच वेळापत्रकाची. दर महिन्याला इमेज उघडून तिच्यातली एखादी फाइल बाहेर काढून पाहत होतो, तेवढी शिस्त पाळली. पण इमेज रविवारची आणि डिस्क मेली गुरुवारी. माझा डेटा D वर असल्यामुळे वाचला. हिची नववीच्या भूमितीची प्रश्नपत्रिका मात्र बुधवारी रात्री करून डेस्कटॉपवर ठेवलेली होती, आणि डेस्कटॉप म्हणजे C. मी विजयी मुद्रेने तिला हाक मारून सगळं परत आल्याचं दाखवलं. तिने पडदा न्याहाळला आणि म्हणाली, “अहो, सगळं आलं, पण माझा पेपर कुठाय?”

पेपर गेला तो गेलाच. आकृत्यांसकट पुन्हा करायला तिला दोन तास लागले. त्याच संध्याकाळी तिचं डेस्कटॉपचं फोल्डर D वर हलवलं आणि बॅकअप रविवारऐवजी रोजचा केला. दुपारी जेवायला उठताना डिस्क जोडायची, हात धुऊन येईपर्यंत बदल उतरलेले असतात आणि डिस्क सुटी झालेली असते. डब्यातली जागा रिकामी झाली होती, तिथे या वेळी 1 टीबीची एसएसडी आणून ठेवली.