मनगटावरची पट्टी की कमरेची क्लिप? पोळ्या लाटताना आणि गाडी चालवताना वाढणाऱ्या पावलांचा हिशेब

सकाळी अठरा-वीस पोळ्या लाटायच्या, मग अन्नपूर्णा रोडवरून गाडी काढून विजयनगर गाठायचं, संध्याकाळी तोच रस्ता परत. इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांत असाच दिवस जातो आणि पावलं मोजणारी मनगटावरची पट्टी त्यात काही पावलं उगाच वाढवते. त्यावर पट्टीच्याच सेटिंगमध्ये उपाय करावा, की पावलं मोजायचं काम कमरेला लावायच्या छोट्या क्लिपकडे द्यावं, हे ठरवणाऱ्यांसाठी हा आढावा.

पट्टीला पाय दिसत नाहीत. हात किती जोरात हलला आणि सारख्या तालात हलला का, एवढंच तिला कळतं. चालताना सेकंदाला साधारण दोन पावलं पडतात, म्हणून त्या तालातली हालचाल तिला पाऊल वाटते. लाटण्याचा मागेपुढे होणारा हात नेमका याच तालाच्या आसपास असतो. भाजी चिरताना सुरी त्याहून भराभर चालते आणि मनगट फार कमी सरकतं, म्हणून चिरण्याची पावलं तुलनेने थोडी चढतात. कणीक मळताना हात जोरात पण सावकाश चालतो, तिथेही आकडा फार फुगत नाही. खरी भर पडते ती पोळ्या लाटताना आणि ताक घुसळताना.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. बहुतेक पट्ट्या सुरुवातीची दहाएक पावलं सलग झाल्याशिवाय आकडा हलवत नाहीत आणि एकदा खात्री पटली की मागचीही जोडून टाकतात. त्यामुळे कढईत चार वेळा उलथनं फिरवलं तर काही होत नाही. पोळी मात्र वीसएक हातांत लाटली जाते, म्हणजे ती मर्यादा सहज ओलांडते. सहा-सात हात झाले की लाटणं ठेवून पोळी हाताने फिरवायची सवय असेल तर ताल तुटतो आणि फुकटची पावलं बरीच कमी होतात. लाटण्यानेच पोळी गोल फिरवणाऱ्या सराईत हातांना मात्र हा फायदा मिळत नाही.

गाडीचं गणित वेगळं आहे. पावलं इंजिनाच्या थरथरीमुळे वाढतात असं अनेकांना वाटतं. ती थरथर सेकंदाला निदान वीस-पंचवीस वेळा होते, चालण्याच्या तालापासून ती फार लांब आहे आणि पट्टी ती सहज गाळते. आकडा वाढवतात ते खड्डे आणि गतिरोधक. धक्का बसल्यावर शॉकअपवर गाडी जी वर-खाली डुलते, तो डोल सेकंदाला दीड-दोन वेळा होतो, म्हणजे जवळजवळ चालण्याचाच ताल. हँडलवरच्या हाताला तो थेट पोचतो. स्कूटरची चाकं लहान असल्यामुळे तीच वाट तिच्यावर जास्त जाणवते. कारमध्ये हा त्रास बराच कमी, त्यावर वेगळा खर्च करू नये. पट्टी सैल असेल तर ती स्वतःच मनगटावर आपटते आणि आकड्यात आणखी भर पडते. म्हणून आधी ती मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, घट्ट पण वळ उमटणार नाही इतपत बांधा. एवढ्यानेच फरक दिसला तर पुढचं वाचायची गरजही पडणार नाही.

आता पट्टीकडचे उपाय. पहिला म्हणजे हाताचं सेटिंग. काही ॲपमध्ये पट्टी कामाच्या हातावर आहे की दुसऱ्या, हे सांगता येतं. पट्टी डाव्या हातावरच ठेवून ‘कामाचा हात’ निवडलं की ती मोजायला थोडी कडक होते. लाटण्याची पावलं घटतात, पण कडकपणा सगळ्याच पावलांना लागतो. हातात भाजीची पिशवी धरून, हात न हलवता चाललेली खरी पावलंही मग गळतात. ही पावलं मनगटावर आधीच कमी नोंदली जातात, त्यात हे आणखी.

दुसरा उपाय म्हणजे गाडीवर बसताना सायकलचा मोड चालू करायचा. तो चालू असेपर्यंत काही पट्ट्या पावलं मोजत नाहीत, त्यामुळे रस्त्यापुरता हा सगळ्यात स्वच्छ उपाय वाटतो. माझं मत फिरलं ते इथेच. मोड चालू करायचं लक्षात राहतं, बंद करायचं राहत नाही. गाडी लावली, हेल्मेट काढलं, पिशवी घेतली आणि बाजारात शिरलं की अर्धा-पाऊण तास चालणं त्या मोडमध्येच जातं. घरी येऊन पाहावं तर ॲपमध्ये दोन तासांची सायकलफेरी आणि पावलं जिथल्या तिथे. पट्टी काढून ओट्यावर ठेवली तरी तेच होतं, ती डब्यांच्या मागे राहून जाते आणि दुपारचं चालणं कोरं जातं. वाढलेली पावलं वजा करता येतात, गेलेली पावलं परत आणता येत नाहीत. माझ्या लेखी सगळा निर्णय या फरकावरच होतो.

उदाहरण पाहू. पट्टीवर दिवसाचा आकडा 7,200. त्यात पोळ्यांचे 180 आणि जाण्यायेण्याचे 300 धरले तर खरे 6,720. चूक पाचशेच्या आत, आणि रोज साधारण तेवढीच. मोड बंद करायचा राहिला आणि बाजारातली 2,000 पावलं गेली, तर चूक चौपट, शिवाय ती कोणत्या दिवशी होईल याचा नेम नाही.

क्लिप कमरपट्ट्याला, परकराच्या किंवा सलवारीच्या नाडीला किंवा खिशाच्या काठाला लावायची. लाटताना कंबर जवळजवळ स्थिर असते, त्यामुळे स्वयंपाकाची खोटी पावलं जवळपास संपतात आणि ओटा ते फ्रिज अशी खरी पावलं, दोन्ही हात भरलेले असले तरी, मोजायची संधी राहते. फक्त ही ये-जा दोन-चार पावलांची असते, म्हणून तीही पूर्ण येईल असं नाही. जपानमध्ये 1965 साली विक्रीला आलेलं मांपो-केई, ज्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचं मापक’ असा आहे, तेही कमरेलाच लावायचं होतं. दहा हजारांचं लक्ष्य तिथूनच रुळलं.

क्लिपच्या अडचणी लपवत नाही. खड्ड्यांवर सीट उसळली की तिच्यावरही थोडी पावलं चढतात, फक्त हाताइतकी नाहीत. कपड्यांबरोबर ती धुण्याच्या मशीनमध्ये जाऊ शकते. नाडीला नीट न बसता आडवी लोंबली तर कमी मोजते. हृदयाचे ठोके, झोप हे सगळं हवं असेल तर मनगटावर पट्टी लागेलच. मग पावलांचा आकडा तेवढा क्लिपचा धरावा. दोन्ही एकाच आरोग्य ॲपला जोडली असतील तर पावलांच्या स्रोतांत क्लिप वर ठेवावी.

विकत घेण्याआधी आणि घेतल्यावर दोन चाचण्या करा. एक, मोठ्याने मोजत शंभर पावलं चाला, एकदा हात मोकळे ठेवून आणि एकदा पिशवी धरून. तीन-चारचा फरक चालेल. दुसरी, गाडीवर बसण्याआधी आकडा लिहून ठेवा आणि पोचल्यावर उतरायच्या आधी पुन्हा बघा. तीन दिवस एकाच रस्त्याने असं करा. तिन्ही आकडे जवळपास आले तर त्यांची सरासरी रोज वजा करायची, मोडच्या भानगडीत पडायचं नाही. ते फार वेगळे आले तर पट्टी सैल आहे का ते आधी पाहा.

गाडी फार चालवत असाल आणि स्वयंपाकात हात कमी असेल तर पट्टी घट्ट बांधून वजाबाकी करणं कदाचित पुरेल. रोजच्या पोळ्या तुमच्याकडे असतील तर मात्र क्लिपकडे माझा कल आहे. गाडीची वजाबाकी तिथेही करावी लागेल, फक्त ती लहान असेल.