इंजिनिअरिंगच्या मजकुरासाठी इंग्रजी-मराठी भाषांतराचं इंजिन: शून्यापासून ट्रेन करायचं की तयार मॉडेल फाइन-ट्यून करायचं?

पुस्तकं, मॅन्युअल्स यातून जमवलेल्या वाक्यांच्या वीस-तीस हजार जोड्या हातात असतील तर शून्यापासून मॉडेल ट्रेन करायच्या नादी लागू नका. मारियन किंवा ओपनएनएमटी या भाषांतर मॉडेल ट्रेन करायच्या टूल्सवर सगळं सुरू होतं पटकन, पण एवढ्या डेटावर जे बाहेर येतं ते वाचायला बरं मराठी असतं आणि मूळ वाक्याशी त्याचा संबंधच नसतो. मग समानंतर नावाचा वाक्यजोड्यांचा तयार कॉर्पस आधी घालावा लागतो, त्यात इंग्रजी-मराठीच्या तीस लाखांहून जास्त जोड्या आहेत, आणि एवढं करायचंच तर त्या भाषा आधीच शिकलेलं मॉडेल घेऊन आपल्या जोड्यांवर पुढे ट्रेन, म्हणजे फाइन-ट्यून, केलेलं काय वाईट?

तयार मॉडेलांत खरी निवड दोघांत. मेटाचं एनएलएलबी चांगलं आहे पण त्याचं लायसन्स व्यावसायिक वापराला चालत नाही, म्हणजे कंपनीसाठी काम असेल तर विषयच संपला. एआयफोरभारतचं इंडिकट्रान्स टू एमआयटी लायसन्सवर आहे, आणि त्याचं छोटं मॉडेल `ai4bharat/indictrans2-en-indic-dist-200M` एका साध्या जीपीयूवर फाइन-ट्यून होतं. मी हेच घेईन.

क्लाउडवरची कस्टम सर्व्हिस पण आहे, जोड्या अपलोड केल्या की झालं, जीपीयूची कटकट नाही. पण तिथलं मॉडेल तुम्हाला घरी नेता येत नाही आणि गोपनीय मॅन्युअल्स बाहेर पाठवावी लागतात.

आता फाइन-ट्यूनिंग कुठे फसतं ते. इंजिनिअरिंगच्या मजकुरात तीच वाक्यं आकडे बदलून परत परत येतात, "बोल्ट 45 N·m पर्यंत आवळा", पुढच्या पानावर तेच 60 N·m. अशा जोड्या ट्रेनिंग आणि टेस्टमध्ये रँडम विभागल्या की ट्रेनिंगमधलंच वाक्य टेस्टमध्ये जातं, स्कोअर भारी दिसतो आणि नवीन मॅन्युअल आलं की मॉडेल आपटतं, म्हणून एक अख्खं पुस्तक टेस्टसाठी बाजूला ठेवा, वाक्यं नका निवडू. स्कोअर पूर्ण शब्द जुळवणाऱ्या बीएलईयूपेक्षा अक्षरांचे तुकडे जुळवणाऱ्या सीएचआरएफने बघा, मराठीत शब्दांना प्रत्यय लागतात, "बोल्टला" आणि "बोल्टाला" याच्यात बीएलईयू पूर्ण शब्द चुकला म्हणतो. आकडे आणि युनिट मात्र वेगळे मोजा, इंग्रजीत 45 आहे तर मराठीत 45 किंवा ४५ आलाय का हे छोट्या स्क्रिप्टने प्रत्येक वाक्याला तपासा, कारण 45 चा 54 झाला तरी सीएचआरएफ फारसा हलत नाही.

दुसरा घोळ डेटातच असतो. एका पुस्तकात "शिअर", दुसऱ्यात "कर्तन", आणि मॉडेल मग एकाच पानावर दोन्ही लिहितं. ट्रेनिंगच्या आधी एक शब्द ठरवा आणि सगळ्या जोड्यांत तोच करा. शिवाय ट्रेनिंगमध्ये साधारण तेवढीच साधी, रोजची वाक्यंही मिसळा, नाहीतर काही फेऱ्यांत मॉडेल प्रस्तावनेतलं सरळ मराठीसुद्धा मॅन्युअलसारखं लिहायला लागतं.