सात महिन्यांच्या वापरानंतर: पदार्थांची चित्रे बनवणारे अ‍ॅप आणि रश्श्यात बुडालेल्या फोडी

दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस मी या अ‍ॅपला पाचपैकी चार तारे दिले होते. ते आज मागे घेत आहे, आणि त्याचे कारण एका ग्राहकाने पाठवलेली दोन चित्रे हे आहे. पहिले माझ्याच मेनूमधील होते: खोलगट वाडगा, दाट रस्सा आणि त्यावर डोंगरासारख्या रचलेल्या भाजीच्या फोडी. दुसरे त्यांनी स्वतः काढलेले होते: माझाच उघडलेला डबा, तांबूस रश्श्याचा सपाट पृष्ठभाग आणि त्यातून जेमतेम डोके वर काढणाऱ्या तीन फोडी. खाली एवढेच लिहिले होते: ‘बाकीच्या कुठे आहेत?’

अ‍ॅप काय करते हे वाचकांना माहीत असेलच. पदार्थाचे नाव आणि दोन ओळींचे वर्णन दिले, किंवा मोबाइलवर काढलेला साधा फोटो दिला, की काही क्षणांत ते मासिकात शोभेल असे चित्र देते. घरून डबे व छोट्या समारंभांचे जेवण पुरवणाऱ्या माझ्यासारख्या एकट्या माणसाला हे वरदान वाटले, कारण फोटोची वेळ नेमकी डबे भरण्याच्या वेळीच येते. वर्षभराची वर्गणी एकदम भरल्यास सवलत होती, म्हणून ती भरली. या परीक्षणाच्या सुरात त्या पैशांची हळहळ मिसळलेली आहे, हे आधीच मान्य करते.

त्या संध्याकाळी त्याच घाण्यातला एक शिल्लक डबा मी चाळणीत ओतला. एकूण ऐवज 400 ग्रॅम होता. त्यात फोडी बारा, वजन 180 ग्रॅम, आणि उरलेला रस्सा. म्हणजे माप चोख होते. फोडी होत्या, पण बुडालेल्या होत्या. मग अ‍ॅपच्या चित्रातल्या फोडी मोजल्या. रश्श्याच्या वर स्पष्ट दिसणाऱ्याच चौदा भरल्या, तळाशी असणाऱ्या वेगळ्या. तसा वाडगा प्रत्यक्षात भरून पाहिला तेव्हा बावीस फोडी, म्हणजे सुमारे 330 ग्रॅम भाजी लागली आणि रश्श्याला जेमतेम 70 ग्रॅमची जागा उरली. तो पदार्थ रस्साच नव्हता, आणि त्या भावात तो मी कधीच देऊ शकले नसते. चित्र सुंदर होते, पण ते मी न विकणाऱ्या पदार्थाचे होते.

अ‍ॅपच्या मदत विभागाला मी हा सगळा हिशेब लिहून पाठवला. उत्तर आले की वर्णनात ‘वास्तववादी’ हा शब्द घालून पाहावा. घातला. वाडग्याची कड थोडी टवकलेली आली, बाजूला चुरगळलेला रुमाल आला, आणि फोडी होत्या तिथेच तरंगत राहिल्या. ‘फोडी बुडालेल्या दाखवा’ असे लिहिल्यावर फोडींशिवाय नुसता रस्सा आला. तिसऱ्या पत्राला उत्तर आले नाही आणि वर्गणीही परत मिळाली नाही. मला यातून जे कळले ते असे की अ‍ॅपला फोडी जड असतात हेच ठाऊक नाही. त्याला फक्त छायाचित्रांत रस्सा कसा दिसतो हे ठाऊक आहे, आणि जाहिरातींच्या छायाचित्रांत फोडी नेहमी वरच असतात.

त्या कशा वर असतात, हेही सांगायला हवे, कारण इथे माझा राग थोडा ओसरला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1970 साली कॅम्पबेल सूप कंपनीविरुद्ध एका प्रकरणात आदेश काढला होता. जाहिरातीतील सूपच्या वाडग्यात तळाशी काचेच्या गोट्या ठेवल्या होत्या, त्यामुळे भाजीचे तुकडे वर येऊन सूप प्रत्यक्षापेक्षा भरगच्च दिसत होते. सूप खरे होते, तुकडे खरे होते आणि कॅमेराही खरा होता. खोटे होते ते फक्त प्रमाण. हे वाचल्यावर मी माझे अ‍ॅपच्या आधीचे, स्वतः काढलेले फोटो उघडले. त्या काळी मी वाडग्यात एक लहान वाटी पालथी ठेवून त्यावर फोडी मांडत असे. ही युक्ती पदार्थांचे फोटो काढणारे सर्रास सांगतात, आणि मला तिचा अभिमान होता. त्या जुन्या फोटोत नऊ फोडी वर दिसत होत्या. म्हणजे फसवणुकीचा आरंभ अ‍ॅपने केला नव्हता. माझ्या पालथ्या वाटीने तो आधीच केलेला होता, अ‍ॅपने आकडा फक्त वाढवला.

म्हणून ‘चित्र यंत्राने बनवलेले आहे की कॅमेऱ्याने काढलेले’ हा प्रश्न मी आता दुय्यम मानते. ग्राहक चित्रावरून नेमके काय ठरवतो, ते पाहायला हवे. रुमालाचा रंग पाहून कोणी ऑर्डर देत नाही. फोडी किती, वाटा केवढा, वर काय पेरले आहे, यावरून देतो. तेवढ्या गोष्टी डब्यातून जशाच्या तशा पोहोचत असतील तर मागची भिंत खोटी असली तरी मला अडचण नाही.

त्यातली पेरणीची बाब मात्र फोडींहून गंभीर आहे, जरी माझी चिडचिड फोडींवरच अडकलेली असली. पाचव्या महिन्यात अ‍ॅपने एका गोड पदार्थावर आपणहून बदामाचे काप पसरले. मी वर्णनात बदाम लिहिलेला नव्हता आणि पदार्थातही तो नव्हता. एका ग्राहकाने त्यावरून मुलाला चालणार नाही म्हणून ऑर्डर रद्द केली. ऑर्डर गेली, एवढ्यावर निभावले. उलटे घडले असते, म्हणजे पदार्थात बदामाची पूड असती आणि चित्रात तिचा मागमूस नसता, तर ती चूक फक्त पैशांची राहिली नसती. चित्र घटकांची यादी नसते हे खरे, पण वाचणारा ते तसेच वाचतो.

आता पालथ्या वाटीशिवाय फोडी कशा दिसाव्यात, याचे उत्तर मला भूमितीत सापडले. माझा गोल डबा आतून 10 सेंटीमीटर रुंद आहे. त्यात 400 ग्रॅम रस्सा सुमारे 5 सेंटीमीटर उंच उभा राहतो आणि 2.5 सेंटीमीटरच्या फोडी त्यात सहज गडप होतात. तोच ऐवज 20 सेंटीमीटर रुंद, सपाट तळाच्या ताटलीत ओतला तर रुंदी दुप्पट झाल्यामुळे क्षेत्रफळ चौपट होते आणि उंची एक चतुर्थांश, म्हणजे सव्वा सेंटीमीटर उरते. फोडी अर्ध्या बाहेर राहतात. काहीही न लपवता, काहीही न वाढवता बाराच्या बारा मोजता येतात. मी आता प्रत्येक रश्श्याचे दोन फोटो देते: एक या ताटलीतला आणि एक उघड्या डब्याचा, शेजारी नेहमीचा चमचा ठेवून. चमचा सजावटीसाठी नाही. त्याच्याशिवाय वाडगा केवढा आहे हे पाहणाऱ्याला कळत नाही. अ‍ॅपच्या चित्रांत ही खूण बहुधा नसतेच, किंवा असली तर चमच्याचा दांडा रश्श्यात विरघळून जातो.

प्रकाशाचे गणित यापेक्षा सोपे निघाले. ताटली खिडकीजवळ अशी ठेवायची की उजेड बाजूने किंवा किंचित मागून येईल, कारण मागच्या उजेडानेच रश्श्यावर ओली चकाकी उमटते. समोरून आलेला उजेड तोच रस्सा रंगवलेल्या भिंतीसारखा सपाट करतो. ऊन थेट येत असेल तर खिडकीवर पातळ पांढरे कापड. विरुद्ध बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला की काळ्या पडलेल्या सावल्या उजळतात. आणि स्वयंपाकघरातला पिवळा दिवा बंद. हे मी फार उशिरा शिकले: खिडकीचा उजेड निळसर आणि दिव्याचा पिवळट असल्यामुळे दोन्ही एकत्र असताना कॅमेरा एकालाच सांभाळू शकतो, आणि भात एका कडेला निळा तर दुसऱ्या कडेला पिवळा दिसतो. नंतर रंग सुधारायला गेले की एक कड बरी होते आणि दुसरी बिघडते.

मोबाइल अगदी जवळ नेल्यास ताटलीची पुढची कड फुगते, म्हणून थोडे मागे सरकून दुप्पट झूम करावा. रस्सा तिरप्या कोनातून घ्यावा. सरळ वरून घेतल्यास पृष्ठभागावर छताचे आणि आपल्या हाताचे प्रतिबिंब पडते. भात किंवा सुक्या पदार्थांना मात्र वरचा कोन चालतो.

वेळेबाबत माझे मत मधल्या काळात बदलले. पूर्वी मी गरम पदार्थ भांड्यातून काढल्या काढल्या फोटो घेत असे, कारण काही मिनिटांत रश्श्यावर साय धरते आणि तेलाचे थेंब एकत्र होऊ लागतात. परंतु ग्राहक तो पदार्थ काही मिनिटांत पाहत नाही. हिरव्या भाज्या बंद डब्यात गरम राहिल्या की त्यांच्यातले हरितद्रव्य उष्णतेने आणि आंबटपणाने बदलते आणि हिरवा रंग मळकट होतो. कुरकुरीत वस्तू स्वतःच्याच वाफेने मऊ पडते. अ‍ॅपच्या चित्रात पाने कायम नुकतीच खुडल्यासारखी असतात. म्हणून आता डबा भरून, झाकण लावून, पोहोचायला लागतो तेवढा अर्धा तास थांबते आणि मग उघडून डब्याचा फोटो काढते. ते छायाचित्र देखणे नसते. पण त्यामुळे एक वेगळाच फायदा झाला: हिरवी भाजी रश्श्यात न शिजवता वेगळी उकडून, थंड पाण्यात बुडवून वरून घालायची पद्धत मी सुरू केली, कारण मळकट रंग मला स्वतःला फोटोत पाहवेना.

अ‍ॅपला अगदीच निकामी ठरवणे अन्यायाचे होईल. माझ्याच फोटोतला मागचा पसाऱ्याचा ओटा पुसून साधी पार्श्वभूमी टाकण्याचे काम ते उत्तम करते, अट एवढीच की आधी कडेची रेघ मोठी करून पाहावी, कारण दोनदा त्याने ताटलीबरोबर एक फोडही पुसली आणि एकदा नसलेली घातली. अजून न बनवलेल्या पदार्थाची कल्पना ग्राहकाला दाखवायची असेल तर त्याचे चित्र पाठवते, पण चित्रावरच ‘कल्पनाचित्र, प्रत्यक्ष मांडणी व प्रमाण वेगळे असेल’ असे छापून. खालच्या ओळीत लिहून उपयोग नाही. चित्र पुढे पाठवले जाते तेव्हा ती ओळ मागेच राहते.

त्या ग्राहकाला मी चाळणीतल्या बारा फोडींचा वजनकाट्यावरचा फोटो पाठवला आणि मेनूतले चित्र बदलले. त्यांनी पुढच्या आठवड्यात पुन्हा डबा मागवला, आणि या वेळी विचारले की रस्सा थोडा कमी करून फोडी सोळा घालता येतील का. येतात, दर वेगळा पडतो. वर्गणी संपायला पाच महिने आहेत, तोवर पार्श्वभूमी पुसण्यापुरते अ‍ॅप वापरीन. दोन तारे.