बेदाण्याच्या पट्ट्या आणि मर्ज सॉर्ट: हंगामभर वापरल्यानंतर

सांगलीच्या मार्केट यार्डात बेदाण्याच्या एका अडत दुकानाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. प्रोग्राम जुना, सी भाषेतला, आधी दुसऱ्याच कुणी लिहिलेला. हिशेबपट्ट्या क्रमाने लावायला त्यात हाताने लिहिलेला क्विकसॉर्ट होता. तो काढून मर्ज सॉर्ट घातला त्याला आता काही महिने झाले. एक अख्खा हंगाम त्यावर गेला, म्हणून लिहितोय.

तक्रार मोठी गमतीची होती. वर्षाच्या सुरुवातीला रिपोर्ट झटकन यायचा, पट्ट्या वाढतील तसा रेंगाळायचा आणि हंगाम भरात आला की दिवाणजी बटण दाबून चहाला जायचे. एकदा तर प्रोग्राम मधेच बंद पडला. कॉम्प्युटर बदलायचं चाललं होतं. मी म्हटलं, आधी कोड बघू.

```c
int partition(Patti a[], int lo, int hi) {
    Patti p = a[hi];
    int i = lo;
    for (int j = lo; j < hi; j++)
        if (a[j].no <= p.no) swap(&a[i++], &a[j]);
    swap(&a[i], &a[hi]);
    return i;
}
```

पुस्तकात सापडतो तोच हा कोड, आणि चूक अशी काहीच नाही. शेवटची नोंद पिव्हट धरायची, तिच्याहून लहान किंवा तिच्याइतक्या नोंदी डावीकडे, मोठ्या उजवीकडे, मग दोन्ही बाजूंना परत तेच. गडबड आहे ती आमच्या डेटाची. पट्ट्या रोज नंबरानेच फाडल्या जातात, त्यामुळे फाइलमध्ये त्या आधीच क्रमाने असतात. शेवटची पट्टी सगळ्यात मोठ्या नंबराची. तिला पिव्हट केलं की बाकीच्या सगळ्या डावीकडे, उजवीकडे कुणीच नाही.

आठ पट्ट्या घेऊन कागदावर करून बघा. पिव्हट 8, सात तुलना, डावीकडे सात उरल्या. पिव्हट 7, सहा तुलना, उरल्या सहा. असं करत 7 + 6 + 5 + 4 + 3 + 2 + 1, म्हणजे 28 तुलना. पिव्हट दर वेळी मधला लागला असता तर याच आठ पट्ट्या 13 तुलनांत उरकल्या असत्या. आठाला हा फरक कळत नाही. 15,000 पट्ट्यांना मात्र या चालीने सव्वाअकरा कोटी तुलना लागतात आणि 30,000 पट्ट्यांना 45 कोटी. पट्ट्या दुप्पट, काम चौपट. शिवाय या कोडमध्ये क्रमाने असलेली प्रत्येक नोंद स्वतःशीच अदलाबदल होते. नाव, गाव, वजन, दर असा सगळा ऐवज असलेली नोंद उचलायची आणि तिथेच परत ठेवायची, तेही कोट्यवधी वेळा.

प्रोग्राम बंद पडण्याचं कारणही यातच आहे. प्रत्येक पायरीला एकच नोंद कमी होत असेल तर फंक्शन स्वतःला जवळजवळ नोंदींच्या संख्येइतकं खोल बोलावत जातं. विंडोजमध्ये प्रोग्रामला स्टॅक साधारणपणे 1 एमबीचा मिळतो. तीसेक हजार पायऱ्यांत तो भरायला वेळ लागत नाही.

मर्ज सॉर्टचं डोकं वेगळं आहे. तो नोंदींकडे न बघताच मधोमध कापतो: आठाचे चार-चार, चाराचे दोन-दोन, दोनाचे एक-एक. मग जोडत वर येतो, आणि तुलना होते ती जोडतानाच. आठ नोंदींना जोडण्याचे तीन थर. पहिल्या थरात चार जोड्यांच्या 4 तुलना. दुसऱ्यात दोन-दोनाचे चार करताना फार तर 3, असं दोनदा. शेवटी चार-चाराचे आठ करताना फार तर 7. बेरीज 17, याच्या वर जाणं शक्य नाही. नोंदी आधीच क्रमाने असल्या तर 12 मध्येच भागतं. पट्ट्या कशाही आल्या तरी थर तीनच राहतात, कारण कुठे कापायचं हे डेटा ठरवत नाही. क्विकसॉर्टमध्ये ते पिव्हटच्या किमतीवर, म्हणजे डेटावरच सोपवलेलं असतं.

30,000 नोंदींना असे 15 थर होतात आणि तुलना कधीच सव्वाचार लाखांच्या पुढे जात नाहीत. मी त्यात एक ओळ वाढवली: डाव्या भागातली शेवटची नोंद उजव्या भागातल्या पहिलीपेक्षा मोठी नसेल तर जोडण्याच्या भानगडीत पडायचंच नाही. त्यामुळे नंबरवार रिपोर्टला 29,999 तुलना पुरतात. रिपोर्ट आता लगेच येतो आणि हंगाम वाढला तरी त्यात फरक जाणवला नाही.

क्विकसॉर्टची बाजूही सांगतो. विस्कटलेल्या डेटावर तो 30,000 नोंदींना सरासरी सव्वापाच लाखांच्या आसपास तुलना करतो. आकडा मर्ज सॉर्टपेक्षा थोडा जास्त, पण जागच्या जागी काम करतो म्हणून घड्याळात बहुतेक वेळा तोच पुढे असतो. टोनी होअर यांनी 1961 साली तो छापला, तेव्हापासून तो टिकलाय तो उगाच नाही.

मग पिव्हटच नीट निवडला तर? तेही करून पाहिलं. पिव्हट यादृच्छिक निवडला आणि नंबरवार रिपोर्ट सुधारला. पण दुकानात मालाच्या प्रकाराप्रमाणेही यादी लागते: हिरवा, पिवळा, काळा. इथे अडलंच. सोयीसाठी प्रत्येकी 10,000 नोंदी धरा. एकाच प्रकारच्या 10,000 नोंदींत पिव्हट कुठलाही घ्या, बाकी सगळ्या त्याच्याइतक्याच, आणि `<=` मुळे सगळ्या डावीकडे. एका प्रकाराला पाच कोटी तुलना, तिन्ही मिळून पंधरा कोटी. इथे पिव्हट निवडण्याला काही अर्थच उरत नाही, विभागणीच बदलावी लागते. दोन्ही टोकांकडून आत येत विभागणी केली आणि दोन्ही हात समान किमतीवर थांबवले, तर असा डेटा निम्मा-निम्मा होतो. नाहीतर लहान, समान, मोठे असे तीन भाग पाडावे लागतात.

मर्ज सॉर्टचा मला पटलेला जास्तीचा गुण म्हणजे समान नोंदींचा आधीचा क्रम तो मोडत नाही. पट्ट्या तारखेने लागलेल्या असताना शेतकऱ्याच्या नावाने लावल्या तर प्रत्येकाच्या नावाखाली तारखा क्रमानेच येतात. फक्त जोडताना दोन्हीकडे सारखी किंमत असेल तर डावीकडची आधी उचलायची. तिथे `<=` च्या जागी `<` पडलं की हा गुण गेला, आणि यादी वरवर बरोबर दिसत असल्याने ते लवकर लक्षातही येत नाही. साध्या क्विकसॉर्टमध्ये याची हमी नव्हती, तारखा वरखाली व्हायच्या आणि दिवाणजी पेन घेऊन खुणा करत बसायचे.

खटकणारी गोष्ट एकच, जागा. जोडायला तेवढ्याच लांबीचा दुसरा ॲरे लागतो. 200 बाइटची नोंद धरली तर 30,000 नोंदींना 60 लाख बाइट वरचे. मी नोंदी हलवतच नाही, त्यांचे क्रमांक हलवतो. चार बाइटचा क्रमांक, म्हणजे जास्तीचा ॲरे सव्वा लाख बाइटच्या आत.

सी++ वापरत असाल तर एवढा खटाटोप करू नका. 2011 च्या मानकापासून `std::sort` ला वाईटात वाईट डेटावरही n log n ची अट आहे. आत बहुधा डेव्हिड मसर यांचा 1997 चा इंट्रोसॉर्ट असतो: क्विकसॉर्टने सुरुवात, आणि खोली मर्यादेबाहेर गेली की हीपसॉर्ट. समान नोंदींचा क्रम टिकवायचा असेल तर `std::stable_sort`. सी मधल्या `qsort` चं तसं नाही, नाव काहीही सुचवत असलं तरी मानक त्याच्या वेगाबद्दल कसलंच वचन देत नाही.

तुमच्याकडे जुना प्रोग्राम असेल तर कोड न उघडताही अंदाज येतो. आधीच क्रमाने असलेल्या 5,000 नोंदी द्या, वेळ बघा, मग 10,000 द्या. वेळ दुपटीहून किंचित जास्त झाला तर ठीक. चौपट झाला तर पिव्हट कुठून उचललाय ते शोधा. मग हीच चाचणी सगळ्या नोंदींना एकच किंमत देऊन परत करा, कारण पहिलीत पास झालेला प्रोग्राम दुसरीत नापास होऊ शकतो.